‘बघू’ नावाचा फोल्डर

आमच्या दुकानात आणि घरात एक पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे नळ, पाईप, खिळे, रंगाचे डबे आणि सिमेंट. पलीकडे आमचा संसार. गेली वीस-बावीस वर्षं हा पडदा माशा अडवण्यापलीकडे काही करत नव्हता. गल्ल्यातले पैसे पलीकडे जायचे, पलीकडचा चहा अलीकडे यायचा, आणि पडदा बिचारा दोघांनाही वाट करून द्यायचा. ह्या पडद्याच्या जागी सरकारला भिंत दिसते, हे मला दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास कळतं.

पूर्वी बरं होतं. काउंटरच्या बाजूला एक आकडेवाली तार टांगलेली असायची. बिल आलं की भोसकलं. सगळ्यात खाली पहिल्या तारखेचं, सगळ्यात वर शेवटच्या तारखेचं. महिना संपला की तार उचलून विट्याला आमच्या वकीलसाहेबांकडे न्यायची. (ते कोर्टात कधी जात नाहीत, फक्त कराची विवरणं भरतात, पण आमच्याकडं काळी बॅग घेऊन फिरणाऱ्या माणसाला वकीलच म्हणतात.) मग एका पावसाळ्यात छप्पर गळून अख्खी तार भिजली. पोरगा म्हणाला, “आप्पा, बिल आलं की फोटो काढायचा. कागद भिजतोय, फोटो भिजत न्हाय.” मला पटलं. फोटो भिजत नाही, पण हरवतो, आणि तोही डोळ्यांसमोर राहून हरवतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

ही गोष्ट 2025 च्या ऑक्टोबरची. दिवाळीचा महिना, रंगाला आणि बल्बच्या माळांना मागणी, पोराला आणि मला एकमेकांकडे बघायला फुरसत नाही. नोव्हेंबर उजाडल्यावर दोघांच्या फोनमधले फोटो एका ठिकाणी केले. 214 भरले. मला वाटलं, केवढा हा धंदा!

रात्री शटर अर्धं ओढून बसलो. पहिल्या 52 फोटोंमध्ये बिल नव्हतंच. त्यातले निम्मे दिवाळीच्या शुभेच्छांचे, पणत्या आणि गुलाब. उरलेले हार्डवेअरवाल्याच्याच नशिबात असतात तसे. गिऱ्हाईक घरातला मोडका नळ, गंजलेली बिजागरी, फुटलेला कॉक यांचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, “असलाच पायजे.” एकाने टाकीच्या तळाचा फोटो पाठवला होता, त्यात पाणी होतं आणि त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं. तो कुठल्या खर्चात धरावा हे कळेना.

पुढचे 47 म्हणजे पैसे पाठवल्याच्या पावत्या. हिरवी बरोबरची खूण, खाली रक्कम. माझा पोरगा यालाच बिल समजतो. त्याला समजावताना माझा घसा बसला. पैसे गेले हे त्यातून कळतं, पण कशाचे गेले, त्यात कर किती होता, समोरच्याचा जीएसटी नंबर काय, यातलं काहीच कळत नाही. एवढ्यावर सरकार एक रुपयाही वजा देत नाही. तरी ह्या पावत्या फेकायच्या नसतात. दहा हजारांच्या वर एका माणसाला एका दिवसात रोख दिले, तर प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत, म्हणून पैसे बँकेतून गेल्याचा पुरावा त्या-त्या बिलाच्या मागे लावून ठेवायचा. बिल नवरा आणि ही पावती त्याची करवली. करवलीच्या गळ्यात कुणी हार घालत नाही.

राहिले 115. आता खरी मजा सुरू होते, कारण त्यात एकच बिल तीन-तीन वेषांत येतं. कऱ्हाडच्या व्यापाऱ्याकडून पाईप आले. माल उतरताना मी फोटो काढला. संध्याकाळी पोराने काढला, कारण मी काढला असेल यावर त्याचा विश्वास नाही. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या दिवाणजीने आपल्याकडून पाठवला. बिल 18,000 चं, त्यावर नऊ-नऊ टक्क्यांनी केंद्राचे 1,620 आणि राज्याचे 1,620, एकूण 21,240. तिन्ही फोटो तीन वेगळ्या वेळांचे, म्हणून मी ते भक्तिभावाने तीनदा मांडले. म्हणजे 3,240 च्या जागी 9,720 रुपयांची वजावट. मनातल्या मनात 6,480 रुपयांनी मी सरकारला फसवलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. वकीलसाहेबांच्या भाषेत याला व्याजासकट परत करणं म्हणतात.

तेव्हापासून मी फोटोच्या नावावर विश्वास ठेवत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव `IMG-20251006-WA0012.jpg` असलं काहीतरी असतं. मला वाटायचं, ही बिलाची तारीख. तो फोटो कुणीतरी आपल्याला पाठवला तो दिवस असतो. बिलाची तारीख बिलावरच वाचावी लागते. आता मी तीन गोष्टी बघतो: समोरच्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर आणि बिलावरची तारीख. तिन्ही जुळले की जुळी भावंडं नाहीत, एकच पोरगं आहे असं समजायचं आणि बाकीचे फोटो पुसायचे. असे 31 फोटो पुसले.

बिलावरचा नंबर वाचणं ही वेगळीच विद्या. आमच्या फोटोत नेहमी कुणाचा तरी अंगठा असतो, आणि तो नेमका नंबरावरच असतो. नंबराला पंधरा खणं. पहिली दोन राज्याची. आपलं महाराष्ट्राचं 27, कर्नाटकातून माल आला तर 29. पुढची दहा म्हणजे त्या माणसाचं पॅन. त्यात आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. हा क्रम पाठ केल्यापासून माझे निम्मे डोळे वाचले, कारण बिलावरचं वाटोळं हे शून्य आहे की इंग्रजी ओ आहे हे आता जागेवरून ठरवता येतं: अक्षराच्या खणात असेल तर ओ, आकड्याच्या खणात असेल तर शून्य. अंगठा चौदाव्या खणावर असेल तर मी खुशाल झोपतो, कारण तिथं झेडच असतो. पंधराव्यावर असेल तर मात्र फोन लावावा लागतो. तिथला आकडा किंवा अक्षर आधीच्या चौदांवरून हिशोबाने काढलेलं असतं, आणि हिशोब येत असता तर मी वकीलसाहेबांकडे कशाला गेलो असतो?

उरलेल्या 84 फोटोंचे पाच ढीग करायचे. फोनमध्ये पाच फोल्डर केले. पहिला पक्क्या खरेदीचा, म्हणजे विकायला आणलेला माल. दुसरा दुकानाच्या ज्या खर्चावर कर लागतो त्याचा, म्हणजे इंटरनेट, बिलबुकाची छपाई, काट्याची दुरुस्ती. तिसरा बिनकराच्या खर्चाचा: हमाली, टेम्पोभाडं, लाईट बिल, पेट्रोल. चौथा घरचा. पाचव्याचं नाव पोराने विचारलं, “आप्पा, हितं काय लिहू?” मी म्हणालो, “बघू.” त्याने तेच लिहिलं.

पहिला ढीग दिसायला सोपा असतो. पण त्यातच कच्ची बिलं बुरखा घालून बसलेली असतात. पिवळ्या कागदावर वर “एस्टिमेट” लिहिलेलं, खाली रक्कम, आणि देणाऱ्याचं हसू. कच्च्या बिलावर भाव कमी मिळतो, हे खरं. पण तो माल मी पक्क्या बिलाने विकला, तर विक्रीचा सगळा कर माझ्या खिशातून जातो, वजा करायला हातात काही नसतं. हे गणित एका रात्री मांडलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या व्यापाऱ्याला पक्कं बिल मागायला लागलो. त्याने विचारलं, “शेठ, तब्येत बरी हाय न्हवं?”

ह्याच ढिगात एक बिल निघालं, शंभर पोती सिमेंटचं, तारीख 19 सप्टेंबर. पोराच्या पँटच्या खिशात राहिलं होतं, धुणं भिजवताना सापडलं, म्हणून फोटो ऑक्टोबरचा. रक्कम 27,000, कर 28 टक्के, म्हणजे 7,560. आणि 22 सप्टेंबरपासून सिमेंटवरचा कर 18 टक्के झालेला. तीन दिवसांनी आणलं असतं तर! गिऱ्हाईक रोज टीव्ही बघून येतं आणि “शेठ, दहा टक्के कमी झालंय की” म्हणतं, आणि माझ्याकडं पोतं जुन्या कराचं. धसकाच घेतला. वकीलसाहेब म्हणाले, “बिलावर 28 टक्के भरलाय ना? मग वजाही 28 टक्केच मिळणार. विकताना 18 लावा.” एवढ्या सोप्या उत्तरासाठी मी दोन रात्री जागलो होतो. त्या सिमेंटपुरता माझा भरलेला कर जास्त आणि गोळा केलेला कमी, तो उरलेला बाकी मालाच्या कराला उपयोगी पडला.

तिसऱ्या ढिगात माणसं भेटतात. हमालांची व्हाउचरं, त्यावर सह्या. एकाची सही दर वेळी वेगळी असते, विचारलं तर म्हणतो, “हात दमल्याव तशीच येती.” छोटा हत्तीवाला बिडीच्या पुड्याच्या आतल्या बाजूला भाडं लिहून देतो. त्यावर कर नाही, आपण व्हाउचर करून त्याची सही घ्यायची, संपलं. मोठ्या ट्रान्सपोर्टची बिल्टी आली तर मात्र ती वेगळी काढायची, कारण तिथला कर कधीकधी माल मागवणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो. पेट्रोलच्या पावत्या तर भुतासारख्या. त्या पंपावरच्या गुळगुळीत कागदाला ऊन लागलं की अक्षरं उडतात. मी गाडीच्या टाकीवर ठेवलेली पावती घरी येईपर्यंत कोरी झाली होती. पोराने तिचाही फोटो काढून ठेवलाय. पांढरा फोटो, नाव `IMG_20251014_181203.jpg`. पेट्रोल जीएसटीत नाहीच, त्यामुळे वजावटीचा प्रश्न नाही, पण दुकानाचा खर्च म्हणून तर दाखवायचा असतो. आता तीच गाडी सकाळी नळ पोचवायला जाते आणि संध्याकाळी सौ.ला घेऊन डोंगराईला जाते. टाकीतलं कुठलं पेट्रोल दुकानाचं आणि कुठलं देवीचं? तो पांढरा फोटो आणि देवीला गेलो त्या दिवशीची पावती, दोन्ही ‘बघू’मध्ये गेले.

आणि चहा. दुकानात दिवसाला वीस-पंचवीस कप जातात. गवंडी आला, प्लंबर आला, बिल थकवलेला ठेकेदार आला की पडद्याकडे तोंड करून मी नुसतं खाकरतो, आणि ट्रे येतो. दूध घरी येतं, साखर घरची, गॅस घरचा. दूधवाल्याचं महिन्याचं कार्ड मी ‘घरचं’मध्ये टाकत होतो तेव्हा सौ. मागे उभी होती.

“अहो, ते घरचं कसं? घरात मी आन् दोन पोरं. आम्ही काय आठ लिटर चहा पितोय व्हय?”

मुद्दा बरोबर होता. कार्ड ‘बघू’मध्ये गेलं.

चौदा तारखेला मात्र खरा खेळ होतो. त्या दिवशी पोर्टलवर 2बी नावाचा तक्ता तयार होतो. आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपापल्या विवरणात आपल्या नंबरावर जी बिलं दाखवली, त्यांची यादी. तिथं बिल नसेल, तर आपल्याकडे फोटो असो, कागद असो, माल असो, त्या महिन्यात वजावट नाही. समोरच्याने विवरण भरलं की मग. म्हणून वकीलसाहेब म्हणतात, “शेठ, तुम्ही ढिगातून वर चढत जाता. उलटं करा. आधी 2बी काढा, मग एकेका ओळीचं बिल शोधा.” मी म्हणालो, “म्हणजे आमच्या ताबुतासारखं.” कडेगावचे मोहरमचे ताबूत बघायला तुम्ही कधी आला असाल तर ठाऊक असेल, ते बांधताना आधी कळस करतात आणि मग खाली खाली येत पाया. गावात जन्म काढूनही ही रीत आपल्या हिशोबाला लागू करावी, हे मला सुचलं नव्हतं.

तर कळसापासून सुरुवात केली. 2बीमध्ये 37 ओळी. माझ्याकडे कराची बिलं 39. सिमेंटचं बिल मागच्या महिन्याच्या तक्त्यात होतं, सापडलं. दोन बिलं आलीच नव्हती. दोघांना फोन केला. एक म्हणाला, “भरतो,” दुसरा म्हणाला, “भरलंय की,” आणि दोघांच्या बोलण्यात फरक असला तरी तक्त्यात फरक नव्हता. ती पुढच्या महिन्यावर ठेवली. बाकी 36 जुळली. आता तक्त्यात एक ओळ उरली, आणि तिचा फोटो माझ्याकडे नाही.

कऱ्हाडचा कुठला तरी दुकानदार. नाव कधी ऐकलेलं नाही. रक्कम 4,000, कर 720. वस्तू काय हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. माझ्या पोटात गोळा आला. पेपरात वाचतो ना आपण, कुणाच्या तरी नंबरावर कुणीतरी खोटी बिलं फाडतो. मी पोराला उठवला, शटर पूर्ण ओढून घेतलं, आणि हळू आवाजात सांगितलं, “आपल्या नंबरावर कुणीतरी माल उचललाय.” पोरगा एकदम गप्प झाला. मला वाटलं घाबरला.

सकाळी त्या दुकानाचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड. “हां शेठ, मिक्सर हाय. साडेसातशे वॅट. तीन भांड्यांचा.”

पडद्यामागे त्याच वेळी शेंगदाण्याची चटणी चालू होती. साडेसातशे वॅट काय असतात ते मला तेव्हा ऐकू आलं.

पाडव्याला ओवाळणी म्हणून सौ.ला मिक्सर द्यायचा बेत मीच केला होता, पैसे मीच दिले होते, आणि कऱ्हाडला पोराला मीच पाठवला होता. तिथं काउंटरवरच्याने विचारलं, “जीएसटी नंबर हाय का?” आमच्या पोराला सतराचा पाढा येत नाही, पण दुकानाचा पंधरा खणांचा नंबर झोपेत येतो. त्याने धडाधडा सांगितला. “मला वाटलं 720 वाचतील,” तो म्हणाला. वाचवायची वृत्ती त्याने घेतली याचा आनंद मानावा की काय, हे मला ठरवता येईना.

वकीलसाहेबांना विचारलं. घरच्या वापराच्या वस्तूवर वजावट नाही. तक्त्यात आली म्हणजे आपली झाली असं नसतं. विवरणात एकीकडे दाखवायची आणि लगेच दुसरीकडे परत सोडायची. दिवाळीत ठेकेदारांना वाटलेल्या मिठाईच्या बॉक्सचंही तेच. खर्च म्हणून धरता येतो, पण भेट दिलेल्या वस्तूच्या कराची वजावट मिळत नाही.

सौ.ने हे पडद्याआडून ऐकलं. “घरचा वापर? कामावरच्या पोराच्या डब्यातली चटणी कुठनं येती?”

मी फोनवर तो मुद्दा पुढे सरकवला. वकीलसाहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, “वहिनींना विचारा, मिक्सर पडद्याच्या कुठल्या बाजूला आहे?”

दुपारी मी जेवून आलो तर मिक्सर काउंटरवर, काट्याशेजारी. कामावरचा पोरगा त्याच्याकडे बिचकून बघत होता. एका गिऱ्हाईकाने भाव विचारला. संध्याकाळपर्यंत दोघांनी विचारला. मी तो उचलून परत आत नेला, 720 सोडले, आणि बिल ‘घरचं’मध्ये टाकलं. पडद्याआडून त्यावर काही आवाज आला नाही. त्या रात्री चहाही आला नाही.

20 नोव्हेंबरला विवरण भरून झालं. पोच आली, तिचाही पोराने फोटो काढला. आता वकीलसाहेबांनी सांगितलंय की हे सगळं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळून ठेवायचं. म्हणजे सहा वर्षं. पोरगा तेवढ्यात लग्नाचा होईल आणि हा ऑक्टोबर त्याच्या फोनमध्ये असेल.

‘बघू’मध्ये नऊ फोटो उरलेत. एक पांढरा, एक दुधाचं कार्ड, एक देवीचं पेट्रोल, पाच ज्यांच्यावर रक्कम आहे पण नाव नाही. नववा फोटो कुणाच्या तरी अंगठ्याचा आहे, त्याच्याखाली बिल आहे इतकंच दिसतं. नखाला लाल ऑइलपेंट लागलेला. माणूस आमचा गिऱ्हाईक, व्यापारी की हमाल, ते कळायला मार्ग नाही. ज्यांचा असेल त्यांनी एकदा दुकानात येऊन जावं. चहा मिळेल, फक्त तो कुठल्या खात्यात मांडायचा ते सौ.ला विचारावं लागेल.